डिलीट आणि एडिटेड : चॅटच्या स्क्रीनशॉटमधली खूण काय सांगते, काय नाही

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की बागेवरचा सौदा तोंडी ठरतो, आणि भाव, गाडीची वेळ, इसार हे सगळं व्हॉट्सॲपवर पक्कं होतं. पुढे पैशावरून वाजलं, की पहिल्यांदा समोर येतो तो स्क्रीनशॉट. त्यात एखाद्या मेसेजखाली बारीक अक्षरात Edited असतं, किंवा मेसेजच्या जागी This message was deleted असं फिकट वाक्य असतं. मग दोन्ही बाजू त्या खुणेतून आपल्याला हवा तो अर्थ काढतात. एक म्हणतो, "बघा, फिरवला की नाही भाव!" दुसरा म्हणतो, "अक्षर चुकलं होतं, ते नीट केलं."

असा स्क्रीनशॉट ज्यांच्यापुढे निवाड्यासाठी येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मग तो गावातला जाणता माणूस असो, शेतकरी कंपनीचा व्यवस्थापक असो, की इंदिरानगरातल्या सोसायटीचा सेक्रेटरी. भर व्हॉट्सॲपवर आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक वाद तिथेच घडतात. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर या खुणा मराठीत दिसतात. इथे इंग्रजी पडद्यावर दिसतात तशा दिल्या आहेत.

उदाहरणासाठी एक स्क्रीनशॉट

समजावण्यासाठी एक प्रसंग रचून घेऊ. दिंडोरी तालुक्यातला एक बागायतदार आणि पिंपळगाव बसवंतचा एक व्यापारी. स्क्रीनशॉट बागायतदाराच्या फोनवरचा आहे. वरच्या पट्टीत घड्याळ ९:२० दाखवतंय, चॅटच्या मध्यभागी Yesterday अशी तारखेची पट्टी आहे, आणि तिच्याखाली हे मेसेज आहेत.

डावीकडे, संध्याकाळी ६:४२ : "उद्या सकाळी गाडी लावतो. भाव ५२ ने धरू." वेळेशेजारी Edited.

उजवीकडे, ६:४४ : "चालेल शेठ."

डावीकडे, ६:५१ : This message was deleted.

उजवीकडे, ७:३० : "ठीक आहे, सकाळी सातला मजूर लावतो."

बागायतदाराचं म्हणणं असं, की मूळ मेसेजमध्ये भाव ६२ होता. त्याला मी 'चालेल' म्हणालो, आणि त्यानंतर शेठने ६२ चे ५२ केले. ६:५१ च्या मेसेजमध्ये पंचवीस हजार इसार देण्याचं कबूल केलं होतं, तोही उडवला. व्यापारी म्हणतो, भाव पहिल्यापासून ५२ च होता, मी फक्त 'धरु' चं 'धरू' केलं, आणि ६:५१ चा मेसेज दुसऱ्या शेतकऱ्याला जायचा तो चुकून इकडे आला.

आता यातलं स्क्रीनशॉटवरून किती ठरतं ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : फोन कोणाचा ते ठरवा

व्हॉट्सॲपमध्ये उजवीकडचे मेसेज फोन ज्याच्या हातात आहे त्याचे, डावीकडचे समोरच्याचे. इतकं सगळ्यांना माहीत असतं, पण डिलीटची खूण वाचताना नेमकं हेच विसरलं जातं. पाठवणाऱ्याने सगळ्यांसाठी मेसेज काढून टाकला, तर त्याच्या स्वतःच्या फोनवर उजवीकडे You deleted this message दिसतं आणि समोरच्याच्या फोनवर डावीकडे This message was deleted. एकच कृती, पण दोन फोनवर दोन वाक्यं.

दोघांच्याच चॅटमध्ये समोरच्याचा मेसेज तुम्ही त्याच्या फोनवरून काढू शकत नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणात ६:५१ चा मेसेज व्यापाऱ्याच्याच खात्यावरून उडवला गेला, हे खात्रीने म्हणता येतं. 'खात्यावरून' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल आणि दिवाणजीने तिथून मेसेज काढला, तरी खूण तीच उमटते.

ग्रुपमध्ये एक फरक पडतो. तिथे ॲडमिन दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो, पण तेव्हा वाक्यात by admin आणि ॲडमिनचं नाव येतं. नुसतं This message was deleted असेल, तर ज्याचा मेसेज त्यानेच काढला असं धरायचं. सोसायटीच्या ग्रुपवर "सेक्रेटरीने माझा मेसेज उडवला" अशी तक्रार आली, की पहिल्यांदा हे वाक्य शब्दशः वाचावं. निम्म्या तक्रारींचा निकाल तिथेच लागायला हरकत नाही.

आणि वरच्या पट्टीतलं नाव? ते फोनवाल्याने जसं सेव्ह केलं तसं दिसतं. कोणताही नंबर 'शेठ पिंपळगाव' म्हणून सेव्ह करता येतो. म्हणून नाव ही ओळख धरू नये. नावावर बोट ठेवून आतला नंबर उघडून दाखवायला सांगावं.

दुसरी पायरी : खुणेशेजारची वेळ म्हणजे कृतीची वेळ नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. This message was deleted च्या चौकटीत जी वेळ दिसते, ती मेसेज पाठवल्याची असते, काढून टाकल्याची नाही. Edited शेजारची वेळसुद्धा मूळ मेसेजचीच. कधी बदलला, कधी उडवला, हे व्हॉट्सॲप पडद्यावर कुठेच लिहीत नाही.

तरीही दोन्ही कृतींना मुदत आहे, आणि त्या मुदतीवरून काळाचा पट्टा काढता येतो. मेसेज एडिट करायला पाठवल्यापासून १५ मिनिटं मिळतात. ही सोय मे २०२३ मध्ये आली. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवस बारा तास, म्हणजे जवळपास साठ तास मिळतात. ही मुदत ऑगस्ट २०२२ पासूनची. त्याआधी ती तासाभराच्या थोडी पुढे होती, आणि २०१७ मध्ये सोय नवी असताना फक्त सात मिनिटं होती. म्हणून जुन्या स्क्रीनशॉटला आजची मुदत लावू नये.

आता आकडे बसवा. ६:४२ चा मेसेज ६:४२ ते साधारण ६:५७ या दरम्यान कधीतरी बदलला गेला. 'चालेल शेठ' हे उत्तर ६:४४ चं, म्हणजे या पट्ट्याच्या आत पडतं. मेसेज ६:४३ ला बदलला असेल, तर उत्तर बदललेल्या मजकुराला आहे. ६:५० ला बदलला असेल, तर उत्तर जुन्या मजकुराला आहे. दोन्ही शक्यता उघड्या राहतात, आणि स्क्रीनशॉट त्यातली एकही बंद करत नाही. बागायतदाराचा सगळा दावा या दोन मिनिटांवर उभा आहे, आणि या चित्रातून तो ना सिद्ध होतो ना खोडला जातो.

७:३० च्या उत्तराचं तसं नाही. ते ६:५७ च्या पुष्कळ नंतरचं. तोवर एडिटची मुदत संपलेली होती, म्हणजे बागायतदाराने मजूर लावायचं कळवलं तेव्हा ६:४२ च्या मेसेजमध्ये भाव ५२ झालेला होता. व्यापारी यावर बोट ठेवील, "आकडा समोर असताना हो म्हणाला ना!" पण एडिट झाल्यावर समोरच्याला नवी सूचना जात नाही. फोन वाजत नाही, मेसेज खाली येत नाही, तो आपल्या जुन्या जागीच बदलतो. वर सरकवून पुन्हा वाचल्याशिवाय बदल लक्षात येण्याचं कारणच नाही. त्यातून बागेत रेंज नसेल, तर बदल फोनवर उशिरा पोहोचलेला असू शकतो. म्हणून ७:३० चं उत्तर इतकंच सांगतं, की बदल आधी झालेला होता. बागायतदाराने तो पाहिला होता, हे ते सांगत नाही.

निळ्या टिकांचाही इथे उपयोग नाही. टिक मेसेज वाचला गेला एवढं दाखवते. त्याचं पहिलं रूप वाचलं की दुसरं, ते नाही.

६:५१ च्या मेसेजचा पट्टा मात्र लांब आहे. मुदत साठ तासांची असली, तरी स्क्रीनशॉटच्या वेळी तो उडालेला होता, म्हणून वरची मर्यादा स्क्रीनशॉट काढल्याची वेळ. Yesterday ही पट्टी सांगते की चित्र दुसऱ्या दिवशीचं आहे, आणि घड्याळ ९:२० दाखवतं. म्हणजे काल संध्याकाळी ६:५१ ते आज सकाळी ९:२० या साडेचौदा तासांत कधीतरी. मेसेज लगेच काढला असता, तर 'चुकून आला' ही सबब पटण्यासारखी. गाडी भरून गेल्यावर काढला असता, तर संशयाला जागा. पण खूण दोन्ही वेळा हुबेहूब तशीच दिसते.

ही तारखेची पट्टी कापलेला स्क्रीनशॉट आला, तर वेळांचं हे सगळं गणित सोडून द्यावं. ६:४२ कोणत्या दिवसाचे, हेच कळत नाही.

तिसरी पायरी : खुणेत काय नसतं ते लिहून काढा

डिलीटच्या खुणेत मजकूर नसतो, हे उघड आहे. पण कोणत्या प्रकारचा मेसेज होता, हेही तिच्यात नसतं. फोटो, आवाजाची नोट, स्टिकर, लोकेशन, नुसता नमस्काराचा हात, सगळ्यांच्या जागी तेच वाक्य येतं. म्हणून "इसाराचा मेसेज उडवला" हे वाक्य दोन तुकड्यांत तोडावं. 'मेसेज उडवला' हे दिसतं. 'इसाराचा' हे बागायतदार सांगतोय.

समोरच्याने तो उडवण्याआधी वाचला होता का, हेही खूण सांगत नाही. वाचलाही असेल, नसेलही.

Edited ही खूण त्याहून मुकी. एक स्वल्पविराम टाकला तरी ती लागते आणि ६२ चे ५२ केले तरी तीच लागते. पंधरा मिनिटांत चार वेळा बदल केला, तरी शब्द एकदाच दिसतो. आणि व्हॉट्सॲप बदलांचा इतिहास दाखवत नाही. मेसेज कितीही दाबून धरला, तरी जुनं रूप उघडत नाही, ना पाठवणाऱ्याच्या फोनवर, ना घेणाऱ्याच्या. "त्याच्या फोनमध्ये असेल, तिथे बघा" हा आग्रह डिलीट किंवा एडिटच्या बाबतीत बहुतेक वेळा फुकट जातो.

हेतूविषयी तर बोलायलाच नको. माणूस चुकीच्या चॅटमध्ये गेलेला मेसेज काढतो, रागात लिहिलेला काढतो, आणि अडचणीचा ठरेल म्हणूनही काढतो.

चौथी पायरी : खूण नाही, याचा अर्थ लावू नका

नवखा माणूस खुणेकडे बघतो. सरावलेला माणूस खूण नसलेल्या जागेकडेही बघतो.

मेसेज काढताना दोन पर्याय येतात. Delete for everyone निवडलं, तर वरची खूण उरते. Delete for me निवडलं, तर मेसेज फक्त त्या फोनवाल्याच्या खात्यातून जातो आणि तिथे काहीही उरत नाही, अगदी रिकामी ओळसुद्धा नाही. समोरच्याच्या फोनवर तो मेसेज जसाच्या तसा असतो. याला वेळेची मुदतही नाही, आणि समोरच्याचा मेसेजसुद्धा स्वतःच्या फोनवरून असा काढता येतो.

म्हणजे आपल्या बागायतदाराने ६:४७ ला "५२ परवडत नाही, पण चला" असं लिहिलं असेल आणि सकाळी ते स्वतःपुरतं काढून मग स्क्रीनशॉट घेतला असेल, तर चित्र अगदी स्वच्छ दिसेल. त्याने तसं केलं, असं कोणी म्हणत नाही. पण एका बाजूच्या स्क्रीनशॉटवरून "मध्ये दुसरं काही बोलणं झालंच नाही" असं कधीही म्हणता येत नाही, ते याच कारणाने. This message was deleted ही चौकटसुद्धा दाबून धरून Delete for me ने काढता येते. मग उडवल्याची खूणही उडते.

यावर उपाय साधा आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवून तोच तुकडा ओळीने वाचायचा. स्वतःपुरतं काढलेलं बहुधा दुसऱ्या फोनवर सापडतं, कारण दोघांनी संगनमताशिवाय नेमका तोच मेसेज काढणं अवघड. एका बाजूने फोन दाखवायला नकार दिला, तर तो नकारही नोंदवावा, पण त्यालाच पुरावा समजू नये. फोनमध्ये माणसाचं बाकीचं आयुष्यही असतं. फक्त तेवढी चॅट, त्यानेच स्वतः सरकवून दाखवावी.

आपोआप नाहीसे होणारे मेसेज हाही असाच प्रकार. ती सोय चालू असेल, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज जातात आणि एकेका मेसेजच्या जागी खूण राहत नाही. सोय चालू किंवा बंद केल्याची एक सूचना तेवढी चॅटच्या मध्यभागी येते. वर सरकवून ती शोधावी, नाहीतर संपर्काच्या माहितीत Disappearing messages समोर काय लिहिलंय ते पाहावं.

दुसऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट असेल, तर नियमच बदलतात. टेलिग्रामवर दोन्ही बाजूंनी काढलेला मेसेज काही मागे न ठेवता जातो, त्यामुळे तिथे खूण नसण्याला काडीची किंमत नाही. सिग्नलवर एडिटच्या खुणेवर टिचकी मारली की आधीची रूपं दिसतात, म्हणून तिथे मूळ फोन पाहण्यात अर्थ आहे. आयफोनच्या मेसेजेस ॲपमध्येही बदललेल्या मेसेजची जुनी रूपं उघडता येतात. स्क्रीनशॉट कोणत्या ॲपचा आहे, हे रंगावरून ओळखायला जाऊ नका, सरळ विचारा.

डिलीटसारखं दिसणारं, पण डिलीट नसलेलं

Waiting for this message. This may take a while. हे वाक्य पाहून "मेसेज उडवला" अशी ओरड होते. तो उडवलेला नसतो. मेसेज कुलूपबंद अवस्थेत पोहोचलेला असतो आणि तो उघडायची किल्ली जुळायची बाकी असते. कोणी नुकताच फोन बदलला असेल किंवा व्हॉट्सॲप पुन्हा टाकलं असेल, तर हे होतं. पाठवणाऱ्याने फोनवर व्हॉट्सॲप उघडलं, की बहुधा मेसेज दिसू लागतो.

एकदाच पाहण्यासाठी पाठवलेला फोटो उघडून झाला, की त्या जागी Opened एवढंच राहतं. तोही कोणी काढून टाकलेला नाही.

आणि शुद्ध बनावट. कोणीही This message was deleted हे शब्द स्वतः टाइप करू शकतो. दोन्ही बाजूंना अधोरेखा लावली, की व्हॉट्सॲप ते तिरप्या अक्षरात दाखवतं, आणि पुढे मनाईच्या चिन्हाचा इमोजी टाकला की चटकन फसायला होतं. खऱ्या खुणेतलं वर्तुळ आणि आडवी रेघ फिकट, अक्षरांच्याच रंगाची असते. इमोजी लाल असतो, आणि टाइप केलेली अक्षरं बाकीच्या मेसेजसारखी गडद असतात. अर्थात चित्रच कोणी बदलायचं ठरवलं, तर रंगही बदलता येतो. म्हणून अशा बारकाव्यांवरून 'खोटं आहे' असा संशय घेता येतो, पण बारकावे जुळले म्हणून 'खरं आहे' असं म्हणता येत नाही.

पाचवी पायरी : जुना मजकूर कुठे उरला असेल

स्क्रीनशॉट पुरत नाही असं ठरलं, की काही जागा तपासायच्या, आणि त्या वेळेत तपासायच्या.

पहिली जागा उत्तरांची. उडवलेल्या मेसेजला कोणी ओढून, म्हणजे तो मेसेज वर जोडून उत्तर दिलं असेल, तर मूळ मेसेज गेला तरी उत्तराच्या डोक्यावर त्याचा मजकूर उरतो. ग्रुपमध्ये हे पुष्कळदा सापडतं. आपल्या चॅटमध्ये बागायतदाराने नुसतं 'चालेल शेठ' लिहिलं, मेसेज जोडला नाही. जोडला असता, तर कशाला 'चालेल' म्हटलं ते निदान धडपणे कळलं असतं. तसंच, तो मेसेज आधीच दुसरीकडे फॉरवर्ड झाला असेल, तर तिथली प्रत तशीच राहते. आयफोनवर आलेला फोटो फोटोंच्या ॲपमध्ये सेव्ह झाला असेल, तर तोही चॅटमधून गेल्यावर तिथे राहू शकतो.

दुसरी जागा अँड्रॉइड फोनची सूचनांची नोंद. अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या आत Notification history असतं. ते आधीपासून चालू असेल, तर गेल्या २४ तासांत आलेल्या सूचना तिथे दिसतात, मेसेजचा सुरुवातीचा मजकूरही. सकाळी ९:२० ला वाद उभा राहिला, म्हणजे ६:४२ चा मेसेज जसा आला तसा बघायला त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. भाव ६२ होता की ५२, याचं उत्तर मिळण्याची सगळ्यात मोठी आशा इथेच. पण वाद झाल्यावर ते चालू करून उपयोग नाही, मागचं काही त्यात येत नाही. आणि मेसेज आला तेव्हा तीच चॅट उघडी असेल, तर सूचना तयारच होत नाही.

तिसरी जागा बॅकअपची. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत ठेवतं. व्यापाऱ्याने ६:५१ चा मेसेज पहाटे दोननंतर उडवला असेल, तर बागायतदाराच्या त्या रात्रीच्या प्रतीत तो असू शकतो. आधीच उडवला असेल, तर नाही. एडिटच्या बाबतीत मात्र हा रस्ता बंदच समजा. बदल ६:५७ पर्यंत होऊन गेला, आणि प्रत दोनची. प्रत उघडायला व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि त्यानंतर आलेले मेसेज गमावण्याची भीती असते. म्हणून हा प्रयोग घरी करू नये. आकडा मोठा असेल, तर जाणकाराकडून करून घ्यावा, आणि तोवर फोन रीसेट करू नये.

सहावी पायरी : चॅट नीट गोळा करणं

मूळ फोन समोर असेल, तर स्क्रीनशॉटऐवजी स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यावं. संपर्काचा नंबर उघडून दाखवायचा, मग वादाच्या दोन दिवस आधीपासून हळूहळू खाली सरकवत यायचं. एकेका चित्रात जे कापता येतं, ते यात कापणं कठीण.

स्क्रीनशॉटच घ्यायचा असेल, तर वरचं घड्याळ, नाव आणि तारखेची पट्टी यातलं काही कापू नये. तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाईलचं नाव बदलतं आणि चित्र दाबलं जातं. अनेक अँड्रॉइड फोनवर मूळ नावात तारीख-वेळ असते, ती मग हरवते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाईल तशीच पोहोचते.

शिवाय चॅटमधल्या मेनूतून Export chat घ्यावं. फोटोंशिवायचा पर्याय पुरतो. त्यातून मजकुराची फाईल मिळते, ती साधारण अशी दिसते :

```
11/02/2025, 6:42 pm - शेठ: उद्या सकाळी गाडी लावतो. भाव ५२ ने धरू. <This message was edited>
11/02/2025, 6:44 pm - बागायतदार: चालेल शेठ.
11/02/2025, 6:51 pm - शेठ: This message was deleted
```

दोन्ही खुणा फाईलमध्ये उतरतात, आणि इथे पूर्ण तारीख मिळते, Yesterday नाही. जुना मजकूर मात्र इथेही नसतो, आणि स्वतःपुरते काढलेले मेसेजही नसतात. ही साधी मजकुराची फाईल आहे, कोणीही उघडून बदलू शकतो. म्हणून दोघांनीही आपापल्या फोनवरून, एकमेकांसमोर काढावी आणि मग ओळीला ओळ लावावी.

नोंद कशी लिहावी

मध्यस्थाने वाक्यं मोजून लिहावीत. आपल्या प्रसंगात इतकं लिहिता येईल : "६:४२ चा मेसेज पाठवल्यानंतर साधारण पंधरा मिनिटांत बदलला गेला. आधीचा मजकूर उपलब्ध नाही. 'चालेल शेठ' हे उत्तर बदलाच्या आधीचं की नंतरचं, ते ठरत नाही. ७:३० च्या उत्तराआधी बदल झालेला होता. ६:५१ ला व्यापाऱ्याच्या खात्यावरून आलेला एक मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२० पूर्वी त्याच खात्यावरून काढला गेला. त्यात काय होतं, ते कळत नाही." यात 'भाव फिरवला', 'पुरावा नष्ट केला', 'लपवाछपवी' असे शब्द शिरले, की नोंद एका बाजूची झाली.

भावाचा निकाल मग बाहेरच्या गोष्टींवर लावायचा. त्या दिवशी आसपासच्या बागांचे सौदे कितीने झाले, वजनाच्या पावतीवर कोणता भाव लिहिला, दलाल सोबत होता का, इसाराची रक्कम खात्यात आली का, या गोष्टी Edited या शब्दापेक्षा पुष्कळ बोलक्या असतात.

प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लक्षात ठेवावं. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावं लागतं. आधीच्या कायद्यात हेच ६५ब च्या प्रमाणपत्राचं प्रकरण होतं, आणि ते का लागतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल यात, स्पष्ट केलं होतं. हा कागद वकिलाकडून करून घ्यावा. तोपर्यंत मूळ फोन विकू नये, ती चॅट साफ करू नये, आणि This message was deleted ची ती फिकट चौकट 'आता काय उपयोग' म्हणून काढून टाकू नये.